डाव्या टोकाचं सफरचंद

माझ्या नवऱ्याच्या लॅपटॉपवरून आमचं भांडण झालं नाही असा आठवडा लग्नानंतर क्वचितच गेला असेल. तो फिल्म एडिटर, मी सबटायटल करणारी. दोघंही दिवसभर मॅकसमोर, तो अंधेरीच्या स्टुडिओत आणि मी मुलुंडला घरी. माझा स्क्रीन घासूनपुसून ठेवलेल्या ओट्यासारखा. त्याचा म्हणजे आमच्या सोसायटीच्या जिन्याखालची जागा. खालच्या डॉकमध्ये, म्हणजे चिन्हांच्या पट्टीत, इतकी ॲप्स कोंबलेली, की जागा पुरेना म्हणून सगळी अंग चोरून मुंगीएवढी झालेली. वर मेनू बारच्या उजव्या अंगाला चिन्हांची ही रांग: बॅटरी, ब्लूटूथ, आवाज, बॅकअप, दोन-दोन क्लाउड, स्क्रीन रेकॉर्ड करायचं काहीतरी, फॉन्टचं काहीतरी, आणि एक तर असं, की ते कशाचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी म्हणायचे, अरे, यातलं तू वापरतोस काय? तो म्हणायचा, असू दे ना यार, लागतं कधीतरी.

मग गेल्या वर्षी त्याला स्ट्रोक आला. मेंदूच्या उजव्या बाजूला. डावा हात लुळा पडला, पायात जरा कमजोरी आली, बोलणं मात्र खणखणीत राहिलं. हॉस्पिटलात शुद्धीवर येऊन पहिल्याच दिवशी त्याने चहाला नावं ठेवली, तेव्हा मी म्हटलं, चला, वाचलो. आणखी काही बिघडलंय हे घरी आणल्यावर कळत गेलं. त्याच्या डावीकडून मी हाक मारली तर तो उजवीकडे बघून उत्तर द्यायचा. दाढी करायचा ती अर्ध्याच गालाची, आणि आरशात बघून म्हणायचा, झकास.

डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत, नजर शाबूत आहे, पण डावीकडे लक्षच जात नाही. त्यांनी इंग्रजीत नाव सांगितलं, लेफ्ट नेग्लेक्ट. मला सवय वाईट, कुठलाही शब्द ऐकला की मनात त्याचं मराठी सुरू. तिथे खुर्चीत बसल्या बसल्या शब्द सापडला: डावलणं. आपण आयुष्यभर म्हणत आलो, त्याने मला डावललं, हिला डावलून तिला बढती दिली. त्या शब्दाच्या पोटात डावा हात बसलाय हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. आणि इथे तर एका माणसाच्या मेंदूने अख्खी डावी बाजूच डावलली होती, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता. अंधार दिसत नव्हता त्याला तिथे, पडदा दिसत नव्हता. तिथे 'तिथे' असं काही नव्हतंच. मी घरी येताना रिक्षात स्वतःच्या डाव्या हाताकडे बघत बसले होते, आणि हा हात आहे हे मला कोण सांगतंय, असा प्रश्न पडला.

आमच्या घरात मग जे कुठल्याही घरात होईल तेच झालं. सगळं उजवीकडे गेलं. पाणी उजवीकडे, रिमोट उजवीकडे, औषधं उजवीकडे. माझ्या सासूबाई मालवणकडच्या. त्या ताट वाढताना भात, आमटी, माशाची तुकडी सगळं उजव्या कडेला सरकवायच्या आणि म्हणायच्या, "झिला, हंय बघ." पाहुणे यायचे त्यांनाही आम्ही हाताला धरून उजवीकडच्या खुर्चीत बसवायचो. दिसत नाही ना त्याला तिकडचं, मग दिसतं तिथे ठेवा, यात चूक काय? प्रेमाने करत होतो.

आता सिनेमाचं सांगते. आजारी पडण्याआधी तो एक छोटी मराठी फिल्म एडिट करत होता. दिग्दर्शक त्याचा जुना मित्र, वर्सोव्याला राहणारा, कॉलेजपासूनचा. निम्मी फिल्म कापून झाली होती. उरलेलं शूटिंग हा हॉस्पिटलात असताना झालं. पैसे घालणारे थांबायला तयार नव्हते आणि त्यांचंही खोटं नव्हतं. मित्र घरी आला, स्टुडिओत राहिलेला याचा लॅपटॉप आणि नवं फुटेज देऊन बसला आणि सरळ बोलला. म्हणाला, एक सीन तू एकट्याने कापून दाखव, मग मी त्यांच्याशी भांडतो. नाही जमलं तर दुसऱ्याला देतो, पण तुला फसवून देणार नाही. पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी तो बघायला येणार होता.

नवऱ्याने मान डोलावली. मित्र गेल्यावर मला म्हणाला, "हे गेलं तर मी नुसता पेशंट उरतो गं." आमचा हा असलं बोलणारा माणूस नाही. मी चहा टाकायला गेले, कारण उभी राहिले असते तर रडले असते.

दुसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉप उघडला आणि पहिलंच वाक्य, तू याचे मेनू का काढलेस? मी म्हटलं, मी कशाला हात लावू तुझ्या उकिरड्याला? तो म्हणे, नाहीत. येऊन बघितलं तर सगळे जागेवर. मॅकवर ॲपचे मेनू वरच्या पट्टीच्या डाव्या टोकापासून सुरू होतात: आधी सफरचंद, मग ॲपचं नाव, मग फाइल, एडिट, आणि असं करत करत शेवटी विंडो आणि हेल्प. त्याच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला मेनू भरपूर, त्यामुळे ती ओळ पार मधोमध येते. त्याला म्हटलं, वाच काय दिसतं. तो म्हणाला, विंडो. हेल्प. बस. मग उजवीकडची सगळी चिन्हं त्याने न विचारता एकेक करून सांगितली, ते कशाचं ते माहीत नसलेलंसुद्धा.

मेनू हलवता येत नाहीत. ते मॅकमध्ये जिथे आहेत तिथेच राहतात. मग मला जे सुचलं ते घरच्या रीतीने सुचलं: बाकीचं तरी उजवीकडे देऊ. सेटिंग्जमध्ये डॉकची जागा खालून उजवीकडे केली, आकार मोठा केला, माउस नेला की चिन्ह फुगतं ते मॅग्निफिकेशनही लावून दिलं. त्याच्या कामाच्या फोल्डरांची चिन्हं डेस्कटॉपवर उजव्या कडेला होतीच, तिथेच ठेवली. बाहेरच्या डिस्कही तिथेच. मेनू बारमध्ये आणखी दोन चिन्हं घातली, लागली तर हाताशी असावीत म्हणून. आता सगळं त्याच्या दिसण्यातल्या जागेत होतं. तोही खूश, मीही खूश. सासूबाई येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, बरा केलंस.

आणि त्याची वाट लागली.

म्हणजे त्याला ते कळत नव्हतं, मला दिसत होतं. त्याचा माउस उजव्या कडेला गेला की तिथेच अडकायचा. डॉकवरून खाली यायचा, चिन्हं फुगायची, परत वर जायचा, चिन्हं फुगायची. वर मेनू बारच्या कोपऱ्यात जायचा, बॅटरी उघडायचा, बंद करायचा, परत डॉकवर. पूर्वी त्याला निदान विंडो आणि हेल्प दिसायचं, आता नुसतं हेल्प उरलं. मी म्हटलं, अरे, डावीकडे बघ ना. तो चिडून म्हणाला, बघतोय की. खरंच बघत होता बिचारा, त्याच्या हिशेबाने.

तरी हट्टी माणूस. बोटांना शॉर्टकट पाठ होते, उजव्या हाताने जेवढं होतं तेवढ्यावर त्याने सीन कापलाच. मला बोलावून दाखवला.

सीन असा होता. मनोरीचं एक घर. लेक घर सोडून चाललीय, बॅग भरता भरता बोलतेय, हसतेय, रागावतेय, एकटीच. कॅमेरा एका जागी ठेवलेला, हलत नाही. मुलगी चौकटीच्या उजव्या अर्ध्या भागात. अधूनमधून तिचे क्लोज, म्हणजे चेहरा अगदी जवळून. शेवटी ती बॅग उचलून उजवीकडून बाहेर पडते आणि त्याच क्षणी आमच्या याने कट मारून जेट्टीवरची बोट दाखवली होती. लय छान होती, त्याचा हात तोच होता. तो म्हणाला, मोनोलॉग लिहिलाय छान, पण कुणाशी बोलतेय ते कळत नाही, ती जरा लेखनाची कमजोरी आहे.

चौकटीच्या डाव्या भागात खाटेवर तिचा बाप बसला होता. संपूर्ण सीनभर. एक शब्द न बोलता, गुडघ्यावर हात ठेवून, तिच्याकडे बघत.

मी आयुष्यात कुणाला तोंडावर बोलायला घाबरलेली नाही. रिक्षावाल्यांना विचारा. पण त्या वेळी घाबरले. त्याच्या नजरेसमोर अख्खा माणूस बसलाय, त्याने तो सीन कितीदा मागेपुढे करून पाहिला असेल, आणि तो माणूस त्याच्यासाठी नाहीच. भीती वाटली, आणि खरं सांगू, भीतीपेक्षा थक्क जास्त झाले. कसली ही गोष्ट देवाने आपल्या कवटीत ठेवलीय, की समोर बसलेला बाप पुसून टाकते आणि वर उरलेलं चित्र पूर्ण आहे असं पटवून देते. छान झालंय, एवढंच मी म्हटलं आणि बाहेर गेले. मित्र हे बघणार आणि काय समजायचं ते समजणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आठवड्यातून दोनदा आम्ही घाटकोपरला थेरपीला जायचो. तिथली ऑक्युपेशनल थेरपिस्ट तरुण मुलगी, मूळची जालन्याकडची, बोलायला मऊ पण पेशंटला सूट न देणारी. त्या दिवशी मी तिला बाजूला घेऊन बापाचं सांगितलं. विचारलं, याला सांगू का? ती म्हणाली, सांगून बघा, सांगितल्यावर दिसेलही, पण सांगितलेलं टिकत नाही, पुन्हा निसटतं. मग मी तिला घरी काय काय उजवीकडे नेलं तेही अभिमानाने सांगितलं, लॅपटॉपसकट. ती ऐकून म्हणाली, ताई, तुम्ही जरा आत बसून बघा.

भिंतीवर पांढरा बोर्ड होता. तिने त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत छोट्या उभ्या रेघा काढल्या, विखरून. नवऱ्याच्या हातात मार्कर दिला आणि म्हणाली, प्रत्येक रेघेवर फुली मारा, सगळ्या संपल्या की सांगा. त्याने उजवीकडून सुरुवात केली. थोड्या रेघांवर फुल्या मारल्या, मग त्यातल्याच काहींवर परत मारल्या, एका कोपऱ्यातल्या रेघेवर तर तीन-तीनदा. मग मार्कर ठेवून म्हणाला, झालं. बोर्डाचा डावा निम्मा भाग जसाच्या तसा. हे मी आधी पाहिलं होतं, त्याचं मला नवल नव्हतं.

मग तिने सगळं पुसून पुन्हा तशाच रेघा काढल्या. या वेळी मार्कर न देता कापसाचा बोळा दिला. म्हणाली, आता फुली मारू नका, रेघ पुसून टाका.

त्याने उजवीकडची पहिली रेघ पुसली. मग शेजारची. मग तिच्या शेजारची. उजवी बाजू रिकामी होत गेली आणि हा डावीकडे सरकत गेला. मधली ओळ ओलांडली. मी खुर्चीची कड धरून बसले होते. त्याचा हात, जो इतके दिवस मध्याच्या अलीकडे थबकायचा, तो हळूहळू, कुणी न सांगता, त्या नसलेल्या मुलखात शिरत होता आणि तिथल्या रेघा त्याला सापडत होत्या. अगदी कडेच्या काही राहिल्या, पण केवढा लांब गेला तो. त्याला स्वतःला यात काही विशेष वाटलं नाही. त्याने बोळा टेबलावर ठेवला आणि हात झटकले.

थेरपिस्ट माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हे डावीकडे जात नाहीत असं नाही, ताई. उजवीकडून सुटत नाहीत."

फुली मारली तरी रेघ तिथेच असते, तिने समजावलं, आणि ती लक्षाला धरून ठेवते. पुसली की धरायला काही उरत नाही. म्हणून उजवीकडे जेवढं कमी, तेवढं बरं. आणि डावीकडे एखादी ठळक गोष्ट ठेवा, जिच्यापर्यंत पोचायचं हे त्यांना ठरवून घेता येईल. ती थेरपीत याच्याकडून वहीच्या डाव्या समासावर जाड लाल रेघ मारून घ्यायची, ती कशाला ते मला तेव्हा कळलं. शेवटी म्हणाली, हे काही औषध नाही, सगळ्यांना सारखं लागूही पडत नाही. थकले की पुन्हा जाईल.

आम्ही सगळ्यांनी मिळून, सासूबाईंच्या भातापासून माझ्या डॉकपर्यंत, त्याला उजवीकडे बांधून घातलं होतं.

घरी आल्या आल्या मी त्याला शेजारी बसवलं आणि म्हटलं, आज तुझा लॅपटॉप मी साफ करणार, आणि तू मधे बोलायचं नाही. तो अर्थातच बोलला. एकेका चिन्हावरून भांडलो आम्ही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये कंट्रोल सेंटरचं पान असतं, तिथे मेनू बारमध्ये काय दाखवायचं आणि काय नाही ते ठरवता येतं. वाय-फाय, ब्लूटूथ, आवाज, बॅटरी, शोधायचं भिंग, सगळ्यांना 'दाखवू नको' केलं. तो म्हणे, वाय-फाय कसं बघणार? अरे बाबा, कंट्रोल सेंटर उघडलंस की आत आहे, गेलं नाही कुठे. काही चिन्हं कमांडची कळ दाबून माउसने पट्टीबाहेर ओढली की निघतात, तशी काढली. बाहेरच्या ॲप्सची चिन्हं मात्र अशी ऐकत नाहीत. त्यासाठी ज्याच्या त्याच्या सेटिंगमध्ये शिरावं लागलं, आणि ज्यांना तीही सोय नव्हती ती बंद करून लॉगिनच्या यादीतूनच काढली. बॅकअपच्या चिन्हावर तो आडवा पडला. एडिटरला बॅकअप म्हणजे कुलदैवत. शेवटी बॅकअप चालू राहील, फक्त त्याचं चिन्ह जाईल, हे मी दाखवून दिलं तेव्हा सोडलं. कशाचं ते माहीत नसलेलं चिन्ह कशाचं होतं, ते काढल्यावरही कळलं नाही.

घड्याळ काही केल्या निघत नाही. मॅक ते काढू देत नाही. कंट्रोल सेंटरचं चिन्हही त्याच्या जुन्या सिस्टिमवर निघेना, आणि एडिटर मंडळी काम अर्धवट असताना सिस्टिम बदलत नाहीत. मग घड्याळाचं वार-तारीख-सेकंद सगळं बंद करून ते काट्यांचं केलं. टिकलीएवढं गोल उरलं.

उजव्या कडेची फोल्डरं डेस्कटॉपवरून उचलून एका फोल्डरात टाकली. बाहेरच्या डिस्क डेस्कटॉपवर दिसू नयेत असं फायली दाखवणाऱ्या फाइंडरच्या सेटिंगमध्ये केलं. मग डॉक. एकेक ॲप धरून बाहेर ओढायचं, 'रिमूव्ह' असं दिसलं की सोडायचं. तो दरवेळी दचकायचा. ॲप उडत नाही रे, मी सांगत होते, नुसतं दारातून आत गेलं. अलीकडे वापरलेली ॲप्स आपोआप येऊन बसतात, तेही बंद केलं. शेवटी वर फाइंडर, खाली कचऱ्याची टोपली, ही दोन काढताच येत नाहीत, आणि मधे एकटं त्याचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर. मॅग्निफिकेशन बंद केलं. आणि मग तो डॉक मी उचलून डावीकडे नेला. मोठ्या आकारात, कायम दिसेल असा. मागचं वॉलपेपरचं चित्र काढून साधा गडद रंग लावला.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्यांच्या मुलाच्या तोंडचा घास काढल्यासारखा भाव होता. मला स्वतःलाही धाकधूक होती. त्याला जिथे दिसतं तिथलं सगळं मी काढून टाकलं होतं, आणि जिथे त्याच्यासाठी काही नाही तिथे सगळं नेऊन ठेवलं होतं.

मी त्याचं सॉफ्टवेअर सुरू करून विंडो मिटवली, वर नुसते त्याचे मेनू उरले. तो स्क्रीनच्या उजव्या बाजूला बघत राहिला. तिथे काही नव्हतं. बराच वेळ बघितलं त्याने. माउस तिथे फिरला, काही फुगलं नाही, काही उघडलं नाही. मग माउस वर गेला आणि वरच्या रिकाम्या पट्टीवरून डावीकडे यायला लागला.

"हेल्प," तो म्हणाला.

मी स्क्रीनकडे वाकले.

"विंडो. व्ह्यू." थांबला. कपाळाला आठ्या पडल्या. मान किंचित वळली, आजारानंतर मी ती मान आपणहून तिकडे वळलेली पाहिली नव्हती. "मॉडिफाय. क्लिप." मग पुटपुटत आणखी दोन. "एडिट." मधे इतका वेळ गेला की मला वाटलं संपलं. "फाइल." मग सॉफ्टवेअरचं नाव. आणि मग अगदी कोपऱ्यात जाऊन, एखाद्या अनोळखी गावात लहानपणचा मित्र दिसावा तसा आवाज काढून तो म्हणाला, "च्यायला, सफरचंद."

सासूबाईंनी हात जोडले. कुणाला जोडले देव जाणे, बहुतेक लॅपटॉपलाच. मीही हसले नाही. मला तेव्हा देवळात उभं राहिल्यासारखंच वाटत होतं. बोटभरही रुंद नसलेली पट्टी, तिच्यावरची क्षुल्लक चिन्हं, आणि ती काढली म्हणून एका माणसाला अर्धं जग परत मिळतंय. काही न देता, नुसतं काढून.

दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा उजवीकडे घसरलं होतं, त्याच्या पुढच्या दिवशी परत आलं. हे असंच चालणार होतं. सकाळी ताजा असला की सफरचंदापर्यंत जायचा, दुपारी एडिटपाशी दमायचा. डॉक त्याचा खुंटा झाला. कामाला बसला की आधी डॉक शोधायचा, मगच सुरुवात करायचा. घरातही मी उजवीकडचा पसारा उचलायला लागले. सासूबाईंनी भात मधे वाढायला सुरुवात केली, नाराजीने.

रविवार जवळ आला तरी बापाबद्दल मी बोलले नव्हते. एका सकाळी मी माझ्या कामात होते, कानाला हेडफोन. तो मोठ्याने ओरडला असावा, कारण हेडफोनमधूनही ऐकू आलं. धावत गेले, मला वाटलं पडला.

तो सीनच्या शेवटावर थांबला होता. मुलीने बॅग उचललीय, उजवीकडून बाहेर गेलीय. या वेळी त्याने कट मारला नव्हता, शॉट चालू राहू दिला होता. चौकटीची उजवी बाजू रिकामी. नुसती भिंत आणि खिळ्याला लटकलेली पिशवी. आणि तो डावीकडे बोट दाखवत होता. उजवा हात छातीवरून पलीकडे नेऊन.

तो म्हणाला, "हा कधीपासून बसलाय इथे?"

सुरुवातीपासून, मी म्हटलं.

त्याने सीन पहिल्यापासून लावला. मुलगी असताना बाप त्याला सापडायचा आणि निसटायचा, पुन्हा सापडायचा. ती गेली की मात्र दिसायचा. कितीदा पाहिलं त्याने ते. मग मला म्हणाला, जा तू. मी गेले नाही, दारात उभी राहून बघत होते. तो रडत होता आणि सीन कापत होता, दोन्ही एकदम.

मित्र आला रविवारी. सासूबाईंनी त्याच्यासाठी घावणे केले होते, त्याने हातही लावला नाही, आधी दाखव म्हणाला. त्याचा चेहरा मी बघत होते. मनात तयारी करून आला होता तो, नाही म्हणायची. इतक्या वर्षांच्या ओळखीत तेवढं कळतं.

सीन सुरू झाला. मुलीचे क्लोज नवऱ्याने बहुतेक काढून टाकले होते. लांबूनच दिसत होती ती, बोलत, भरत, हसत. मग ती बाहेर गेली. आणि शॉट तसाच राहिला. रिकामी भिंत. पिशवी. आपली नजर आधी ती गेली त्या दिशेलाच खिळून राहते, दाराकडे, काही होईल म्हणून. काही होत नाही. आणि मग कधीतरी, आपली आपणच, नजर सुटते आणि डावीकडे जाते, आणि तिथे बाप असतो. तो सबंध वेळ होता हे तेव्हा कळतं. मी शेजारी बसून तेवढ्या दिवसांत शंभरदा ऐकलेला सीन, तरी माझीही नजर तशीच उशिरा गेली.

बोट आली, सीन संपला. मित्र घसा खाकरून, कामाच्या आवाजात म्हणाला, तो शेवटचा शॉट जरा लांब नाही होत का रे? लोक कंटाळतील.

नवऱ्याने त्याच्याकडे बघितलं. मित्र आपल्या नकळत त्याच्या डावीकडे बसला होता, आणि तरी बघितलं.

"मला त्याच्यापर्यंत पोचायला एवढाच वेळ लागतो," तो म्हणाला. "लोकांनाही लागू दे."

मित्राने मान खाली घातली. सासूबाई आतून विचारत होत्या, घावणे गरम करू काय. मित्राने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला, आणि म्हणाला, पुढचा सीन कधी देतोस?